मदत हवी आहे: भागीदारी करारातलं 'अनुक्रमे' नीट जुळत नाहीये

नमस्कार मंडळी, एक इंग्रजी भागीदारी करार मराठीत करतेय, तीन भागीदार आहेत. भांडवलाच्या कलमात पहिला, दुसरा आणि तिसरा पक्ष अनुक्रमे 8 लाख, 7 लाख आणि 5 लाख देणार असं आहे, म्हणजे 20 लाखांत 40, 35 आणि 25 टक्के. पण नफ्याच्या कलमात नावांचा क्रम पहिला, तिसरा, दुसरा असा आहे आणि आकडे मात्र 40, 35, 25 असेच, पुढे 'अनुक्रमे'. तसंच वाचलं तर 5 लाख देणाऱ्याला 35 टक्के आणि 7 लाख देणाऱ्याला 25!

मी आधी फक्त बेरीज बघितली, ती 100 आली म्हणून पुढे गेले. नंतर पेन्सिलने प्रत्येक नावापासून त्याच्या आकड्यापर्यंत रेघ ओढली आणि त्या रेघा भांडवलाच्या कलमाशी लावून बघितल्या तेव्हा हे दिसलं. आता अडचण अशी की नफ्याचं प्रमाण भांडवलाप्रमाणेच असायला हवं असा कायदा नाही, भागीदार ठरवतील तसं, त्यामुळे तिसरा प्रत्यक्ष धंदा बघत असेल तर हे मुद्दामही असू शकतं, म्हणून मी आपणहून क्रम बदलणार नाही.

वकिलांना विचारणारच आहे. पण तोवर मराठीत 'अनुक्रमे' तसंच ठेवू की 'पहिल्या पक्षास 40 टक्के, तिसऱ्या पक्षास 35 टक्के' असं फोडून लिहू? फोडलं तर मूळ मसुद्यातली शंका झाकली जाईल का? तुम्ही काय करता?