शब्दचर्चा: रिपोर्टमधली नसेची ‘सूज’

मंजिरी
आईचे दोन्ही हात रात्री बधिर होतात, झटकत उठते. मनगटांची सोनोग्राफी केली. मीडियन नर्व्हला ‘स्वेलिंग’ लिहिलंय, आणि क्रॉस सेक्शनल एरिया उजवीकडे १५, डावीकडे १२ चौरस मिलिमीटर. मी ‘नस सुजली आहे’ म्हटलं, तर आईने मनगट न्याहाळलं आणि म्हणाली, ‘कुठे सुजलंय?’ मराठीत याला काय म्हणावं? शिवाय नसेला हलका शॉक देऊन संदेशाचा वेग मोजतात, त्या टेस्टमध्ये उजवा हात बिघडलेला आणि डावा नॉर्मल आलाय. मग डावीकडची सूज खरी धरायची का?

दत्तात्रय
माझ्याही पोटऱ्यांतल्या नसा फुगून निळ्या दिसतात. डॉक्टरांनी घट्ट मोजे दिलेत. आईंना मनगटपट्टा बांधून बघा.

वैदेही
काका, तुमच्या त्या रक्तवाहिन्या, शिरा. ‘नस’ आपण दोन्हींना म्हणतो, म्हणून हा गोंधळ. इथे चेतातंतूंची जुडी आहे, तिला ‘चेता’ म्हणू. पट्टा मात्र मंजिरीच्या आईलाही देतात, पण तो मनगट झोपेत दुमडू नये म्हणून असतो. घट्ट आवळायचा नसतो.

शशांक
सूज म्हणजे दाह, म्हणून ‘चेतादाह’ सरळ बसतं. आणि १० च्या वर गेलं की कार्पल टनल, म्हणजे मनगटातल्या बोगद्यात नस दबलेली. दोन्ही हात वर आहेत, तर मग शॉकच्या टेस्टची गरजच काय होती?

वैदेही
‘दाह’ नको. मी या दोन्ही तपासण्या करते. मनगटात हाडांच्या पन्हळीवर जाड पट्ट्यासारखं अस्थिबंध असतं, आणि त्याखालून नऊ स्नायुरज्जू व ही एक चेता जाते. आतला दाब वाढला की चेतेतलं रक्त परत फिरायला अडतं, आत पाणी साठतं, आणि तंतूंमधून वाहणारा रसही अडतो. म्हणून बोगद्यात ती चपटी होते आणि तोंडापाशी फुगते. ही फूग बाहेरून दिसत नाही, हाताला लागतही नाही. मी पेशंटला ‘चेता अडून फुगली आहे’ असं सांगते.

फुगलेल्या जागी आडवा छेद घेऊन चेतेच्या चकाकत्या कडेच्या आतून रेघ फिरवतात, आणि ते क्षेत्रफळ रिपोर्टमध्ये येतं. प्रोब तिरका धरला तर छेदही तिरका येतो आणि आकडा उगाच वाढतो.

आता १० बद्दल. ही सीमा सगळीकडे एकच नसते, काही ठिकाणी ९ किंवा ११ धरतात. मंजिरी, रिपोर्टमध्ये कोपराखालच्या भागाचा, म्हणजे प्रबाहूचा आकडा आहे का?

मंजिरी
हो. उजवीकडे ७, डावीकडे ६.

वैदेही
मग मनगट भागिले प्रबाहू केलं, तर उजवीकडे दोनाहून थोडं जास्त आणि डावीकडे बरोबर दोन. साधारण १.४ च्या वर गेलं की चेता मनगटातच फुगली आहे असं मानतात. मधुमेह असलेल्या एखाद्याचं मनगटात १२ आणि प्रबाहूत ११ आलं, तर तोच १२ चा आकडा वेगळं सांगतो: चेता सगळीकडेच जाड आहे, एकट्या बोगद्याला दोष देता येत नाही.

शशांक
बरं, १० चं मागे घेतो. पण शॉकची टेस्ट?

वैदेही
सोनोग्राफी आकार दाखवते, शॉकची टेस्ट काम. संदेश मनगटात उशिरा पोचतो की तंतूच मेलेत, हे क्षेत्रफळ सांगत नाही. १५ चा हात १२ च्या हातापेक्षा तेवढ्याच पटीने खराब असतो असंही नाही. मान दबून हाताला मुंग्या येत असतील, तर मनगटाची सोनोग्राफी नॉर्मल येईल. तिथे सुईची तपासणी लागते.

उलट बाजूने, शॉकची टेस्ट मुख्यतः जाड, वेगवान तंतूंचा वेग मोजते. थोडासा दाब असेल तर ते तंतू शाबूत असतात आणि टेस्ट नॉर्मल येते. डाव्या हाताचं तसंच दिसतंय. त्रास आहे, मनगटात चेता दुप्पट झालीय, म्हणून ही फूग मी खरी धरीन. हात गार असला तरी वेग कमी येतो, त्यामुळे टेस्टआधी हात कोमट केला होता का, एवढं मात्र उजव्यासाठी विचारा.

मंजिरी
विचारते. मग क्रॉस सेक्शनल एरियाला ‘छेदक्षेत्रफळ’ चालेल?

शशांक
छेद म्हटलं की आई म्हणेल, कापलं कुठे? ‘जाडी’ म्हणा.

वैदेही
जाडी एका रेषेत मोजतात. चपटी चेता जाडीला कमी आणि क्षेत्रफळाला जास्त असू शकते. ‘आडव्या छेदाचं क्षेत्रफळ’ लांबलचक आहे, पण बरोबर आहे. आईला फक्त ‘फुगलीय’ सांगा, आणि अंगठ्याखालचा उंचवटा दोन्ही हातांत सारखा भरलेला आहे का, तेवढं बघून कळवा.

मंजिरी
उजवा थोडा बसलेला वाटतोय, आणि ती बटण लावायला हल्ली डावा हात वापरते.

वैदेही
मग पट्ट्यावर थांबू नका, उजवा हात हाताच्या सर्जनना लवकर दाखवा. स्नायू बसायला लागला की वाट पाहत नाहीत.