मदत हवी आहे: काळ्या सुती कुर्त्यावरचे डिओचे पांढरे डाग

काळ्या सुती कुर्त्याच्या काखेत रोल-ऑनचा पांढरा, कडक थर बसलाय. कोरड्या मोज्याने घासल्यावर पांढरी पूड निघते, म्हणजे रंग उडालेला नाही, थरच आहे. रोल-ऑनमधल्या ॲल्युमिनियमच्या क्षारासाठी एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग थंड पाणी, त्यात अर्धा तास भिजवून पाहिलं. पूड गेली, पण मेणचट भाग तसाच आहे. आता उलट्या बाजूने भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब चोळावेत का? आणि कोमट पाणी चालेल का? गरम पाण्याने काळा रंग सुटेल अशी धास्ती वाटते. ब्लीच, ब्रश नकोच. छातीवर परफ्यूमचाही फिकट ठिपका आहे. घासून काहीच निघत नाही. अल्कोहोलने रंगच गेला असेल, तर पुन्हा रंगवण्याशिवाय काही उपाय आहे का?