मदत हवी आहे: जिन्याखालची पिल्लं आणि पिसवा

जळगावात आमच्या अपार्टमेंटच्या जिन्याखाली, जुन्या गोणपाटावर एक व्यायलेली मांजर आहे. तीन पिल्लं आहेत, डोळे नुकतेच उघडलेत. आधी ती पार्किंगमध्ये स्कूटरखाली होती, तिथून मांजरीनेच हलवली. आता तळमजल्यावरच्या लोकांच्या घोट्यांना पिसवा चावतायत आणि "फिनाईल ओता, नाहीतर पोत्यात घालून सोडून या" असा सूर निघालाय.

फिनाईल मांजरांना विषारी असतं, हे सांगून ते तूर्त थांबवलं. कुत्र्यांचं परमेथ्रिनवालं पिसवांचं औषधही मांजरांना घातक, त्यामुळे तेही नको. पिसवांची अंडी अंगावर चिकटून राहत नाहीत, अंथरुणात आणि फरशीच्या फटीत गळतात, म्हणून खरं काम तिथेच आहे. गोणपाट फेकून खोक्यात जुनी सुती चादर घालायची, ती दर दोन-तीन दिवसांनी गरम पाण्यात धुवायची आणि जिना कोपऱ्यांसकट झाडायचा, असं ठरवलंय. पिल्लांना बारीक दातांच्या फणीने विंचरून निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात टाकतोय. एका पिल्लाच्या हिरड्या मात्र पांढुरक्या दिसतात. पिसवांनी रक्त कमी झालं असेल तर असं होतं, म्हणून त्याला आजच डॉक्टरांकडे नेतोय.

आता प्रश्न. खोकं दोन पावलं बाजूला, मीटरच्या पेट्यांमागे सरकवलं तर मांजर पिल्लं पुन्हा गाड्यांखाली नेईल का? आणि पिल्लांचं दूध सुटल्यावर तिचं ऑपरेशन करून देणारं जळगाव-भुसावळकडे कोणी माहीत आहे का?