तूही कधी फोन कर ना!

>> नेहमी मीच मैत्रिणीला फोन करते, ती स्वतःहून कधीच नाही. हिशेब मांडल्यासारखं न वाटता कसं सांगू?

गप्पा छान रंगल्या असतानाच सांगा, रुसून पाठवलेल्या मेसेजमधून नको. 'नेहमी' आणि 'कधीच' हे शब्द आले की समोरची सफाई द्यायला लागते. त्यापेक्षा नेमकं मागा: "तुझी आठवण येते म्हणून मी फोन करते, पण तुलाही माझी येते हे कळलं तर बरं वाटेल. पुढचा फोन तू करशील?" "तू कामात असशील असं वाटतं" असं उत्तर आलं, तर सोयीची वेळ सांगून टाका. गप्प बसून परीक्षा मात्र घेऊ नका. तिला पेपर चालू आहे हेच माहीत नसतं! तिने नुसता फोटो पाठवला तरी ती सुरुवातच समजा. एवढं सांगूनही काहीच हललं नाही, तर मनापासून वाटेल तेव्हाच फोन करा.