मदत हवी आहे: जर्मन सहकाऱ्याचा हा मेसेज वाचून सांगा, चिडलाय, थट्टा करतोय की बोलायची पद्धतच अशी?

मोगरा_घणसोली
नोकरी ऐरोलीत. आमचं मुख्य ऑफिस श्टुटगार्टजवळ आहे. तिथल्या एका इंजिनिअरशी माझं रोज चॅटवर काम चालतं. मी जर्मनची ए-टू परीक्षा दिली हे कळल्यापासून तो माझ्याशी जर्मनमध्येच लिहितो, तेही अरेतुरेत. त्याला माझी हरकत नाही, उलट सराव होतो.

आज दुपारी मी त्याला विचारलं, नवीन लॉग फाइल कधी मिळेल, संध्याकाळी रिपोर्ट द्यायचाय. त्यावर ना हॅलो, ना नाव, लागोपाठ तीन ओळी आल्या. उच्चाराप्रमाणे लिहिते:

लीग्ट डॉख झाइट डीन्सटाग इम ऑर्डनर.
शाऊ हाल्ट माल राइन.
ओडर झॉल इश्स डीर आउसड्रुकन उंड पेर पोस्ट शिकन? 😉

म्हणजे फाइल मंगळवारपासून फोल्डरमध्ये आहे, उघडून बघ, की छापून पोस्टाने पाठवू? अर्थ लागतो, सूर लागत नाही. शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, सरळ अपमान आहे, मॅनेजरला दाखव. मला तसं करायचं नाही, पण उत्तर काय लिहू तेही सुचेना.

खाडीपलीकडचा
डोळा मारलाय ना? मग विषय संपला. थट्टा आहे. चिडलेला माणूस स्मायली टाकत बसत नाही.

तिखटमीठ
असं कसं? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यात जहरी मेसेजच्या शेवटी हात जोडलेले असतात.

नौपाडा_जुना
माझा भाचा म्युनिकला शिकतो. घरमालकाला त्याने भाडं भरल्याचं सविस्तर कळवलं, दिवाळीच्या शुभेच्छाही दिल्या. उत्तर आलं एकच शब्द: 'पास्ट.' पोरगा रात्रभर बेचैन, की आता घर सोडायला सांगतात. नंतर कळलं, तिकडे त्याचा अर्थ 'ठीक आहे, जमलं' एवढाच. तेव्हा ताई, मनावर घेऊ नका, ती माणसंच तुटक.

आडवाटेची
मी बरीच वर्षं जर्मनमधून मशीनची मॅन्युअल्स आणि पत्रव्यवहार मराठी-इंग्रजीत आणते, म्हणून बोलते. 'ती माणसंच तुटक' म्हणून सोडून दिलं तर हा मेसेज हातचा जाईल, कारण तो तुटक नाहीच. त्यात भरपूर सूर आहे, फक्त तो बारक्या शब्दांत बसलाय.

आधी बिनमहत्त्वाचं बाजूला काढू. नमस्कार नाही, नाव नाही, पहिल्या ओळीत 'फाइल' हा शब्दसुद्धा गाळलाय. चालू चॅटमध्ये हे सगळं रोजचं आहे, त्यावरून राग काढू नका.

आता 'डॉख'. मराठीत आपण म्हणतो, 'मंगळवारीच ठेवली की!' तो वाक्याच्या शेवटचा 'की' म्हणजे इथला डॉख. बोलणाऱ्याला वाटतं, हे तुला माहीत असायला हवं होतं. हलकी तक्रार आहेच. डॉख काढून वाक्य वाचलं तर नुसती माहिती उरते.

दुसऱ्या ओळीत 'हाल्ट' म्हणजे 'मग दुसरं काय करणार' असा खांदे उडवलेला सूर, आणि 'माल' म्हणजे आपला 'जरा'. 'बघ की जरा उघडून.' हा 'माल' तुमच्या बाजूचा आहे. तो नसता, किंवा त्याच्या आधी 'एंडलिश', म्हणजे 'एकदाचं', असतं, तर मी म्हटलं असतं की डोकं फिरलंय.

तिसरी ओळ थट्टाच, पण पहिल्या ओळीतली तक्रार झाकायला टाकलेली. माझा अंदाज: पाव हिस्सा वैताग, बाकी मस्करी. अपमान नाही.

खाडीपलीकडचा
म्हणजे मी बरोबरच होतो की. एवढं सांगायला 'प्लीज' घातलं असतं तर काय बिघडलं असतं त्याचं? त्यांचं 'बिट्ट' असतं ना?

आडवाटेची
असतं, पण नुसत्या आज्ञेला 'बिट्ट' लावलं की जर्मनमध्ये ते कधीकधी जास्त टोचतं, बँकेच्या नोटिशीसारखं. 'शाऊ बिट्ट राइन' एवढंच आलं असतं तर मी जास्त सावध झाले असते. आणि खरा राग कसा ओळखायचा, तर सूर अचानक नीटनेटका होतो. रोज अरेतुरे करणारा माणूस चॅट सोडून मेलवर येतो, वर 'हॅलो अमुक', खाली 'फीले ग्र्यूस', आणि सीसीमध्ये साहेब. मोगरा, त्याचे आधीचे पाच-दहा मेसेज वाचा. एरवीही तो असंच लिहितो का?

कळवा_फास्ट
जर्मन शिकायचं असेल तर काळाघोड्याला मॅक्स म्युलर भवन आहे. ठाण्यात त्या तोडीचा क्लास आहे का कुणाला माहीत? मुलीला बी-वन करायचंय, रोज सीएसएमटी जमणार नाही.

तिखटमीठ
कळवा, वेगळा धागा काढा हो.

मोगरा_घणसोली
आडवाटेची, धन्यवाद. मागचे मेसेज काढले. 'हाल्ट' आणि 'माल' तो जवळजवळ रोज वापरतो. 'डॉख' मात्र कमी, आणि पोस्टाने पाठवण्याची थट्टा पहिल्यांदाच.

पण गंमत पुढेच आहे. फोल्डर मी मेसेज यायच्या आधीच बघितलं होतं, आता परत बघितलं. माझ्याकडे शेवटची फाइल मागच्या शुक्रवारची दिसते. मंगळवारचं काहीच नाही.

आडवाटेची
मग तर उत्तर सोपं झालं. 'डॉख'मधून फक्त त्याची समजूत कळते. ती खरी आहे की नाही, हे त्या शब्दात नसतं. त्याला वाटतं तुम्हाला फाइल दिसतेय, म्हणून तक्रार. 'सॉरी'ने सुरुवात करू नका, नाहीतर तुम्ही बघितलंच नव्हतं असं होईल. फोल्डरचा स्क्रीनशॉट टाका आणि लिहा: 'बाय मीर इस्ट डी लेट्स्ट फॉम फ्राइटाग.' माझ्याकडे शेवटची शुक्रवारची आहे, बस. खाली हवं तर 'आउसड्रुकन बिट्ट इन फार्ब 😄', छापणार असशील तर रंगीत छाप. मस्करी असेल तर तो हसेल. वैताग असेल तरी काही बिघडत नाही, कारण मुद्दा वरच्या ओळीत आलेला आहे.

खाडीपलीकडचा
रंगीतवालं नको. समोरचा खरंच तापला असेल तर तेल ओतल्यासारखं होईल.

आडवाटेची
होऊ शकतं. माणूस तुम्ही ओळखता मोगरा, मी नाही.

मोगरा_घणसोली
पाठवलं, रंगीतसकट. स्क्रीनशॉट गेल्यावर पाचेक मिनिटांत आलं: 'ओ. मिस्ट. फाल्शर ऑर्डनर.' म्हणजे अरे देवा, चुकीचं फोल्डर. फाइल त्याने त्यांच्या आतल्या फोल्डरमध्ये ठेवली होती, ते आम्हाला दिसतच नाही. मग फाइल आली आणि खाली 'येट्स्ट आबर.' एवढंच. ना सॉरी, ना स्मायली, रंगीतवर एक अक्षर नाही.

रिपोर्ट गेला. पण 'येट्स्ट आबर' कुठल्या सुरात घ्यायचं?

आडवाटेची
'आता मात्र झालं!' असं. 'मिस्ट' त्याने स्वतःसाठी वापरलाय, तेव्हा 'येट्स्ट आबर'ही स्वतःलाच उद्देशून असावं. सॉरी शब्द नसला तरी 'ओ. मिस्ट.' यात कबुली आली.

तिखटमीठ
मला तर तो ओशाळलेला वाटतोय.

खाडीपलीकडचा
किंवा रंगीत प्रिंट आवडलं नाही.

मोगरा_घणसोली
उद्या सकाळी त्याच्याबरोबर कॉल आहे, आवाजावरून बघते.