पाळीच्या दिवसांतले बिघडलेले पोट : तुमचे अनुभव लिहा

रानजाई :
गेल्या सोमवारी माझी मुलगी दहावीच्या सराव परीक्षेतून दोनदा उठून स्वच्छतागृहात गेली आणि घरी आल्याबरोबर, मी काही विचारण्याआधीच, म्हणाली, "आई, शपथेवर सांगते, मी बाहेरचे काहीही खाल्लेले नाही." संध्याकाळी तिची पाळी सुरू झाली आणि मला 1996 साली साताऱ्यात काढलेले माझे बारावीचे वर्ष आठवले. दर महिन्याला पाळीच्या आदल्या दिवशी मळमळ सुरू होई आणि पहिल्या दिवशी तीनचार जुलाब होत. आई भेळेला दोष देई. डॉक्टर आमांश म्हणत आणि मेट्रोनिडाझोलच्या पाच दिवसांच्या गोळ्या लिहून देत. तिसऱ्या दिवशी पोट आपोआपच थांबे, पण श्रेय गोळीला मिळे, आणि त्यामुळे हे निदान तीन वर्षे टिकून राहिले. पाळीची तारीख मात्र कोणीच विचारली नाही. तुम्हाला हा संबंध कधी आणि कसा लक्षात आला, ते लिहावे.

सुगरण :
हे सारे पाळीत शरीरात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या पदार्थामुळे होते. मला तर आठवडाभर आधीपासूनच पोट फुगून साडीची निरी सैल करावी लागते, म्हणून मी पाच दिवस आधीपासून कळांवरची मेफेनॅमिक ॲसिडची गोळी सुरू करते. मुळावरच घाव घातलेला बरा, असे माझे मत आहे. फुगवटा मात्र तसाच राहतो, हे मान्य करते.

दर्यावर्दी :
मी रत्नागिरीकडे प्रसूतिकक्षात एकोणीस वर्षे परिचारिका आहे, त्यामुळे हा पदार्थ काय करतो ते जवळून पाहते. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नसेल, तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही कार्बोप्रोस्टचे 250 मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन देतो. पाळीत गर्भाशय आवळणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनचेच ते कृत्रिम भावंड आहे. गर्भाशय आवळते, आणि त्याच्यापाठोपाठ कित्येकींना उलट्या आणि जुलाब होतात, म्हणून आम्ही भांडे आधीच हाताशी ठेवतो. पाळीत तेच घडते, फक्त सौम्य प्रमाणात आणि शरीराच्या स्वतःच्या मालावर. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक खाली आले की गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन तयार होते. आतड्याच्या भिंतीतला स्नायूही त्याच जातीचा असल्याने तोही आवळतो, आणि आतड्यात पाणी अधिक सुटते.

सुगरणताई, तुमचा आठवडाभर आधीचा फुगवटा मात्र बहुधा वेगळा आहे. त्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन वर असते आणि आतड्याची चाल मंदावते, म्हणून पोट जड होते, वारा धरतो, काहींना बद्धकोष्ठही होतो. पाळी आली की तेच आतडे एकदम धावू लागते. पाच दिवस आधीची गोळी त्या फुगवट्याला काही करत नाही, उलट जठराला मात्र त्रास देते.

सुगरण :
म्हणजे मी इतकी वर्षे गोळ्या उगाचच गिळल्या म्हणायच्या. मग घ्यायची तरी केव्हा?

दर्यावर्दी :
ही गोळी नवे प्रोस्टाग्लँडिन तयार होणे थांबवते. जे तयार होऊन बसले आहे ते पुसून टाकत नाही. म्हणून पहिली कळ आली की काहीतरी खाऊन घ्यावी, दिवसभर अंगावर काढून रात्री नव्हे, आणि दोनतीन दिवसांत थांबवावी. जठरात व्रण असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा अशा गोळ्यांनी दमा उसळत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. जुलाब बरेच झाले असतील, तर आधी ओआरएस पोटात जाऊ द्यावे, कारण अंगातले पाणी कमी झाले असताना ही गोळी मूत्रपिंडावर ताण आणते.

पाचोळा :
माझी गोष्ट थोडी उलटी आहे. कळा थांबाव्यात म्हणून मी मेफेनॅमिक ॲसिड घेऊ लागले, आणि जुलाब वाढले. मी हिशेबनीस असल्याने स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर खुणा करायला लागले. पहिल्या महिन्यात गोळी घेतली : कळा शांत, पण दिवसाला पाच जुलाब, तेही चौथ्या दिवसापर्यंत. दुसऱ्या महिन्यात काहीच घेतले नाही : कळांनी जीव नकोसा केला, जुलाब मात्र दोन आणि फक्त पहिल्या दिवशी. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी ती खुणांची पाने पाहून आयब्युप्रोफेन दिले : कळाही कमी आणि जुलाब एक. गोळीच पोट बिघडवत होती, आणि मी त्याचा दोष पाळीला देत होते.

दर्यावर्दी :
मेफेनॅमिक ॲसिडने काहींना जुलाब होतात, हे खरे आहे. तुमच्या नोंदीत चौथ्या दिवसाची खूण सर्वांत बोलकी आहे, कारण पाळीचे जुलाब सहसा पहिल्या दोन दिवसांत ओसरतात. गोळी चालू असेपर्यंत ते चालू राहिले, तर संशय गोळीवर घ्यावा.

माई :
माझी पाळी थांबून सहा वर्षे झाली, तरीही दर महिन्याला दोनतीन दिवस माझे पोट बिघडते. हे जुने प्रोस्टाग्लँडिन शरीरात साठून राहिलेले असते का?

दर्यावर्दी :
नाही माई, ते तयार झाल्यावर काही मिनिटांतच मोडते, साठून राहत नाही. तुमच्या त्रासाचे कारण दुसरे असणार, त्यामुळे तुम्ही पोटाच्या डॉक्टरांना दाखवून घ्याच.

भाषावेडा :
बायकोने हा धागा वाचायला लावला म्हणून लिहितो. 1930च्या दशकात हा पदार्थ वीर्यात सापडला आणि तो प्रोस्टेट ग्रंथीतून येतो असे वाटले, म्हणून त्याला हे नाव मिळाले. पुढे वीर्यातला बहुतेक साठा दुसऱ्याच ग्रंथीतून येतो असे ठरले, पण नाव तेच राहिले.

सुगरण :
बायकांच्या कळांनाही नाव पुरुषांच्या ग्रंथीचे, तेही चुकून! यावर आमच्या सासूबाईंनी काय म्हटले असते, ते इथे लिहिता येणार नाही.

निनावी :
माझा अनुभव गमतीचा नाही, तरी लिहिते. "पाळीत पोट बिघडतेच" असे म्हणत मीही सहा वर्षे काढली. फरक असा होता की मला जुलाबापेक्षा शौचाच्या वेळी आत सुरी फिरल्यासारखी वेदना होई, ती दर वर्षी वाढत गेली, गोळीचा उपयोग कमी होत गेला आणि शेवटी फक्त पाळीच्या दिवसांत शौचावाटे रक्त जाऊ लागले. सोनोग्राफीत काही दिसले नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत कळले की एंडोमेट्रिऑसिसमुळे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढल्यामुळे, गर्भाशयामागचा भाग मोठ्या आतड्याला चिकटला होता. सगळ्यांचेच असे असते असे मी म्हणत नाही, पण रक्त दिसल्यावरही मी आठ महिने गप्प बसले, हे मला आजही खुपते.

दर्यावर्दी :
तुम्ही हे लिहिलेत, फार बरे केलेत. रक्त जात असेल किंवा त्रास वर्षागणिक वाढत असेल, तर ते प्रोस्टाग्लँडिनच्या खाती घालून थांबू नये.

रानजाई :
सर्वांचे आभार. लेकीची पाळी अजून नियमित नाही, त्यामुळे तारखेवरून अंदाज बांधता येत नाही. मागच्या तिन्ही वेळा सकाळी जुलाब झाला आणि संध्याकाळी पाळी आली, म्हणजे तोच तिचा निरोप आहे. तर कळ येण्याची वाट न पाहता पहिल्या जुलाबालाच गोळी द्यावी का?

दर्यावर्दी :
काही डॉक्टर आदल्या दिवसापासून द्या म्हणतात, काही पाळी दिसल्यावर. आमच्याच कक्षातल्या दोघींचे यावर एकमत नाही. वजन आणि वय सांगून मात्रा मात्र डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, आणि रिकाम्या पोटी नको.

रानजाई :
तिथेच तर अडते आहे. त्या सकाळी मळमळीमुळे तिला चहासुद्धा जात नाही.

पाचोळा :
मला अशा वेळी मऊ भात आणि चिमूटभर मीठ एवढेच उतरते, तेही चमच्याचमच्याने. पेपर किती वाजता असतो तिचा?