वारंवार वीज जाते, रात्रीची ठरलेली कामे बुडतात : यूपीएस आणि सुरू होतानाची तपासणी याबाबत सल्ला हवा

दूधकेंद्र_लेखनिक

आमच्या दूध संकलन केंद्रात उबंटू असलेला एक लहान डेस्कटॉप आहे. रात्री 11 वाजता त्या दिवसाच्या सकाळ-संध्याकाळच्या दुधाचा उत्पादकनिहाय हिशोब होतो आणि त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर जाते. वीज दिवसातून चार-पाच वेळा जाते आणि रात्रीचाही नेम नाही. मागच्या महिन्यात हिशोब चालू असतानाच वीज गेली. यंत्र सकाळी नेहमीप्रमाणे सुरू झाले, पण त्यानंतर सलग नऊ रात्री हिशोब झालाच नाही, आणि हे आम्हाला दहा दिवसांचे बिल काढताना कळले. यूपीएस कोणता घ्यावा आणि यंत्राला सुरू होताना स्वतःची तपासणी करायला लावता येईल का, हे सांगावे.

इन्व्हर्टरवाले_काका

यूपीएसच्या फंदात पडू नका. 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी आणि चांगला इन्व्हर्टर घ्या, मागचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा. माझ्या दुकानातले यंत्र चार वर्षांत एकदाही बंद पडलेले नाही.

रात्रपाळी

काकांचे अर्धे बरोबर आहे. यूपीएस मोडमध्ये वीज बदलण्याचा क्षण यंत्राला सहसा जाणवत नाही, आणि तासन्‌तास वीज जात असेल तर मोठी बॅटरी हवीच. पण घरगुती इन्व्हर्टर सहसा यंत्राशी बोलत नाही. बॅटरी संपली की तो गप्प बंद होतो, आणि यंत्राच्या दृष्टीने ती वीज गेल्यासारखीच गोष्ट असते. म्हणून यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस हवा. दुकानात खोका उघडून मागची बाजू पाहा, कारण स्वस्त मॉडेलला तो पोर्ट बहुधा नसतो.

लेखनिक, नऊ रात्रींचे कारण मात्र मला विजेत दिसत नाही. आपल्या स्क्रिप्टमध्ये "काम आधीच चालू असेल तर थांब" अशी लॉक फाइल आहे का?

दूधकेंद्र_लेखनिक

आहे. सुरुवातीला `/home/office/hishob.lock` तयार होते आणि शेवटी ती पुसली जाते. आत्ता पाहिले, ती बिघाडाच्या रात्रीच्या 11:02 ची होती.

रात्रपाळी

मग चोर सापडला. वीज गेली तेव्हा पुसण्याची ओळ चाललीच नाही, आणि पुढच्या प्रत्येक रात्री स्क्रिप्टने ती फाइल पाहून "काम चालू आहे" असे समजून माघार घेतली. अशी फाइल ठेवूच नका. `flock` ने धरलेले कुलूप ते काम संपले, मेले किंवा वीज गेली तरी आपोआप सुटते.

```
exec 9>/run/lock/hishob.lock
flock -n 9 || exit 0
```

आता सुरू होतानाची तपासणी. क्रॉनऐवजी सिस्टमडीचा टायमर वापरा आणि त्यात `OnCalendar=*-*-* 23:00:00` सोबत `Persistent=true` लिहा, म्हणजे 11 वाजता यंत्र बंद असेल तर सुरू झाल्यावर चुकलेले काम चालते. मात्र येथेच बहुतेक जण फसतात. टायमर नोंद ठेवतो ती काम *सुरू* झाल्याची, पुरे झाल्याची नव्हे. आपल्यासारखी 11:02 ला वीज गेली तर टायमरच्या मते ते काम झालेले असते आणि तो पुन्हा प्रयत्न करत नाही. शिवाय तीन रात्री चुकल्या तरी तो एकदाच चालवतो.

म्हणून पुरे झालेल्या शेवटच्या दिवसाची तारीख स्वतः लिहून ठेवा आणि तिथून पुढचा प्रत्येक दिवस भरून काढा. हिशोबाच्या प्रोग्रामने "आज" हा शब्द वापरायचाच नाही, तारीख बाहेरून घ्यायची. नाहीतर सकाळी 6:40 ला उशिरा चाललेले काम कालच्या दुधाऐवजी आजच्या अर्धवट दुधाचा हिशोब करील.

```
d=$(cat hishob.done)
upto=$(date -d '23 hours ago' +%F)
while [[ $d < $upto ]]; do
  d=$(date -d "$d +1 day" +%F)
  ./hishob "$d" || exit 1
  echo "$d" > hishob.done
done
```

23 तास मागे जाण्याची युक्ती अशी, की रात्री 11 नंतर चालले तर आजचा दिवस धरला जातो आणि त्याआधी चालले तर कालपर्यंतच. हाच तुकडा बिनवीज गेलेल्या तीन रात्री एकामागून एक भरून काढतो. हीच सेवा यंत्र सुरू झाल्यावर दर वेळी चालवा. काही बाकी नसेल तर ती काही न करता संपते.

शंकेखोर_सुमन

शेवटच्या `echo` ला माझा आक्षेप आहे. ती ओळ आधी फाइल रिकामी करते आणि मग तारीख लिहिते. वीज नेमकी त्या वेळी गेली तर शून्य बाइटची फाइल उरेल, `d` रिकामा होईल आणि पुढची ओळ उद्याची तारीख काढून उद्याचाच हिशोब करायला जाईल. आमच्याकडे असे एकदा झालेले आहे. नवीन फाइलमध्ये लिहून मग नाव बदलावे:

```
echo "$d" > done.new && sync done.new && mv done.new hishob.done
```

रात्रपाळी

मान्य, घाईत लिहिले. आणि `d` रिकामा दिसला तर पुढे न जाता थांबावे, हीदेखील एक ओळ सुरुवातीला घाला.

विंडोज_हिशोबनीस

आमच्याकडे उलटेच झाले. यूपीएसची यूएसबी केबल जोडल्यापासून टास्क शेड्युलरमधली कामे अधूनमधून थांबू लागली. केबल खराब असावी काय? बदलून पाहू का?

रात्रपाळी

प्रश्न वेगळा आहे, पण उत्तर छोटे आहे. केबल जोडल्यावर विंडोज यूपीएसला लॅपटॉपची बॅटरी समजते. टास्कच्या कंडिशन्स टॅबमध्ये एसी पॉवर असेल तरच सुरू करा आणि बॅटरीवर गेल्यास थांबवा, या दोन्ही खुणा मुळातच लागलेल्या असतात. त्या काढा.

दूधकेंद्र_लेखनिक

600 व्हीएचा, यूएसबी असलेला यूपीएस घेतला. यूपीएसची स्थिती यंत्राला कळवणारे एनयूटी बसवले. प्लग काढल्यावर `upsc` मध्ये `ups.status` हे `OL` चे `OB` झाले, म्हणजे यूपीएस बॅटरीवर गेल्याचे यंत्राला कळते. यंत्र, स्क्रीन आणि डिस्क मिळून 70 वॅट घेतात. आतली बॅटरी 12 व्होल्ट 7 एएचची आहे, म्हणजे 84 वॅट-तास, तेव्हा तासभर चालेल ना?

रात्रपाळी

कागदावर. इतक्या वेगाने उपसल्यावर आणि रूपांतरात गेलेली वीज वजा केल्यावर साधारण निम्मे हाती लागते, म्हणजे नवीन असताना जेमतेम अर्धा तास, आणि बॅटरी जुनी होत जाते तसे आणखी कमी. यूपीएसने दाखवलेल्या टक्क्यांवर विसंबू नका. वीज जाऊन दहा मिनिटे झाली की यंत्र व्यवस्थित बंद करायचे, असे वेळेवर ठरवा. आपला हिशोब किती मिनिटांत होतो?

दूधकेंद्र_लेखनिक

चार. दहा मिनिटे पुरतील. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोयही लावली. पण काल चाचणीत यंत्र बंद होत असतानाच वीज आली, आणि त्यानंतर ते बंदच राहिले.

रात्रपाळी

कारण यूपीएसने यंत्राची वीज तोडलीच नाही. बोर्डाला वीज गेली आणि परत आली असे दिसले तरच ते उठते. एनयूटी शेवटी यूपीएसला "आता पुरवठा तोड" असा आदेश देऊ शकते, `upsmon.conf` मधील `POWERDOWNFLAG` त्यासाठी आहे, पण सगळे यूपीएस तो पाळत नाहीत.

दूधकेंद्र_लेखनिक

आदेश जातो, यूपीएस तोडत नाही. दोनदा पाहिले.

शंकेखोर_सुमन

तर बायोसमध्येच रोज पहाटे 5:30 ला उठवणारा गजर लावा. रात्री बंद राहिलेले यंत्र रांग लागण्याआधी उठेल आणि बाकी राहिलेला हिशोब भरून काढेल.

इन्व्हर्टरवाले_काका

माझ्याकडे गजराची गरजच पडत नाही. पण परवा पाणी घालायला विसरलो, हे खरे.

दूधकेंद्र_लेखनिक

गजर लावला. आज 5:31 ला उठले, कालची तारीख `hishob.done` मध्ये 5:36 ला आली. यूपीएस पुरवठा का तोडत नाही, ते अजून कळलेले नाही. याच मॉडेलवर कोणाला जमले असेल तर लिहावे.